पासबुकावरचे दुसरे नाव

सोलापुरातल्या कोणत्याही बँकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेलात, तर पेन्शनच्या रांगेत एक जोडी हमखास दिसते. पुढे काठी टेकत आलेले वडील किंवा आई, आणि मागे पासबुक धरून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी. वडिलांचा हात थरथरायला लागला, की सही जुळत नाही आणि स्लिप परत येते. मग काउंटरवरचा एखादा अनुभवी कारकून सांगतो, "काका, मुलाचं नाव जोडून घ्या की, सारखं कशाला येता उन्हात." दोन फोटो, आधार, पॅन आणि एक फॉर्म दिला की काम होते. पुढच्या महिन्यापासून मुलगा एकटाच येतो. वडिलांची पायपीट वाचते, मुलाची अर्धी रजा वाचते आणि बँकेची कटकटही मिटते.

हे सगळे इतके सोयीचे असते, की एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही. वडील गेल्यावर त्या खात्यातले पैसे कोणाचे? मुलाला वाटते, नाव माझे आहे, म्हणजे माझे. पुण्यातल्या भावाला वाटते, बाबांचे पैसे आहेत, म्हणजे सगळ्यांचे. लग्न होऊन अक्कलकोटला गेलेल्या बहिणीला काय वाटते, हे बहुधा कोणी विचारतच नाही. बँक मात्र निर्धास्त असते, कारण तिच्यापुरता प्रश्न फॉर्म भरला त्याच दिवशी सुटलेला असतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संयुक्त खाते हा खातेदारांनी बँकेशी केलेला करार आहे. पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढेच त्यात ठरते. ते कोणाच्या मालकीचे, हे त्यात ठरत नाही. भारतातला कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. पण तो कोर्टाच्या दारात गेल्यावर कळतो, आणि तोवर भावंडांचे बोलणे बंद झालेले असते.

आधी तो फॉर्म नीट पाहू. त्यात खाते कसे चालवायचे, या मथळ्याखाली काही चौकटी असतात. एक 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो. दुसरी 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिले नाव असलेला हयात असेपर्यंत फक्त तोच, त्याच्यानंतर दुसरा. तिसरी 'जॉइंटली' म्हणजे दोघांच्या सह्या लागतील. सोयीसाठी जोडलेल्या नावात जवळजवळ नेहमी पहिल्या चौकटीवर टिक पडते. अनेकदा ती टिक कारकूनच करतो आणि वडील त्याखाली सही करतात. या तिन्ही चौकटी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: बँकेने कोणाच्या सहीवर पैसे दिले, तर तिची जबाबदारी संपली? घरात कोणाचा वाटा किती, हा प्रश्न त्या फॉर्मवर कुठेच नसतो.

ही गोष्ट रिझर्व्ह बँकेने लपवलेली नाही. मृत खातेदारांच्या दाव्यांबाबत ९ जून २००५ ला काढलेल्या परिपत्रकात तिने बँकांना सांगितले, की सर्व्हायव्हरशिपची तरतूद किंवा नामनिर्देशन असेल, तर वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार असे काही न मागता हयात खातेदाराला किंवा नॉमिनीला पैसे द्या. मात्र कोर्टाचा मनाई हुकूम नसावा आणि ओळख नीट तपासलेली असावी. त्याच परिपत्रकात पुढे असेही सांगितले आहे, की पैसे घेणाऱ्याला स्पष्ट कल्पना द्या: तो हे पैसे मृताच्या कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून घेत आहे, आणि या रकमेवर इतर कोणाचा हक्क असेल, तर तो अबाधित राहतो. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याचे धन सांभाळणारा. म्हणजे ज्या नियमामुळे मुलाला पैसे चटकन मिळतात, तोच नियम त्याला सांगतो, की हे सगळे तुझे असेलच असे नाही. पैसे हातात पडतात तेव्हा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. दुसरा भाग कागदावरच राहतो.

मुदतठेवीचा नियम पाहिला तरी हेच दिसते. दोघांच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी ठेव असेल, तर मुदत संपल्यावर एकाच्या सहीने पैसे मिळतात. पण मुदतीआधी मोडायची असेल, तर दोघांच्या सह्या लागतात. आणि एक जण वारला, तर दोघांनी आधीच तशी लेखी संमती देऊन ठेवली नसेल, तेव्हा मुदतपूर्व रकमेसाठी बँक मृताच्या वारसांची सहमती मागते. हयात असलेला दुसरा खातेदारच पूर्ण मालक असता, तर वारसांना विचारण्याचे कारणच उरले नसते.

संयुक्त नाव म्हणजे मालकी नव्हे, या विचाराला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८७५ साली मार्शल विरुद्ध क्रटवेल या खटल्यात असाच प्रसंग आला होता. तब्येत ढासळत चाललेल्या एका गृहस्थाने आपले बँकखाते स्वतःच्या आणि पत्नीच्या संयुक्त नावावर करून घेतले आणि दोघांपैकी कोणाचाही चेक वटवावा, असे बँकेला कळवले. त्यानंतरचे सगळे चेक पत्नीने लिहिले, पण त्याच्या सांगण्यावरून आणि घरखर्चासाठी. काही महिन्यांत तो वारला. शिल्लक रक्कम पत्नीची का, यावर कोर्टाचे उत्तर होते: नाही. ही व्यवस्था सोयीसाठी होती, बक्षीस म्हणून नव्हती. त्या काळी इंग्रजी कायदा असे धरून चालत असे, की नवरा पत्नीच्या नावावर काही करतो तेव्हा ते तिला देण्यासाठीच करतो. ते गृहीतकही आजारपण आणि सोय यांच्यापुढे टिकले नाही.

भारतासाठी महत्त्वाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने १९२८ साली दिला, गुरनदित्ता विरुद्ध रामदित्ता. एका हिंदू गृहस्थाने स्वतःच्या आणि पत्नीच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने बँकेत पैसे ठेवले होते. कौन्सिलने सांगितले, की पत्नीसाठी किंवा मुलासाठी केलेली तजवीज ही देणगीच असते, हे इंग्रजी गृहीतक भारतात लागू होत नाही. इथे दुसऱ्याच्या नावावर पैसा ठेवण्याची चाल जुनी आहे आणि त्यामागची कारणे नाना प्रकारची असतात. म्हणून देणगीचा हेतू स्वतंत्रपणे सिद्ध झाला नाही, तर पैसे ज्याचे होते त्याच्याच मिळकतीत परत जातात.

नॉमिनीच्या बाबतीतही न्यायालये याच वाटेने गेली. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे घेण्यास पात्र असतो, मालक नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात सांगितले. मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे प्रकरण त्यानंतरचे आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर ऑगस्ट २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेले होते. काही ठेवी आणि म्युच्युअल फंड यांवर घरातल्या काही जणांची नावे नॉमिनी म्हणून होती. नॉमिनीच मालक होतो का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी प्रकरणात निकाल लागला, की शेअर आणि फंडांच्या बाबतीतही नामनिर्देशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे. मालमत्ता जाते ती मृत्युपत्राने, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाकायद्याने.

सगळ्या विषयाची मेख इथेच आहे. आपल्याकडे मालकी हलण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. माणूस जिवंतपणी बक्षीस देऊ शकतो. जंगम मालमत्तेचे बक्षीस प्रत्यक्ष ताबा देऊन किंवा नोंदणीकृत दस्ताने होते, आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. माणूस मृत्युपत्र करू शकतो, आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. यातले काहीच केले नसेल, तर वारसाकायदा लागू होतो. बँकेच्या फॉर्मवरची टिक यातल्या कोणत्याच वाटेने जात नाही. वडील जिवंत असेपर्यंत त्यांनी पैशावरचा हात सोडलेला नसतो, म्हणून ते सहसा बक्षीस ठरत नाही. फॉर्मवर मृत्युपत्राच्या पद्धतीने साक्षीदार नसतात, म्हणून ते मृत्युपत्रही नव्हे.

सोलापूरकरांना दुसऱ्या नावाचे आणखी एक कारण ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २०२२ ला रिझर्व्ह बँकेने इथल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत जास्तीत जास्त पाच लाख मिळतात. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एकच लाख होती. पण महामंडळाच्या नियमात अशी सोय आहे, की वडिलांच्या एकट्याच्या नावाचे खाते, वडील-मुलगा असे खाते आणि मुलगा-वडील असे उलट्या क्रमाचे खाते यांना वेगवेगळे विमासंरक्षण मिळते. म्हणून अनेक घरांनी एकाच माणसाचे पैसे नावांचा क्रम बदलून दोन-तीन ठेवींत विभागून ठेवले. यात गैर काही नाही, उलट शहाणपण आहे. पण उद्या त्या पावत्या घेऊन कोणी म्हणाला, की दुसऱ्या ठेवीत पहिले नाव माझे होते म्हणून ती माझी, तर त्याला काय सांगणार? ते नाव वर आले ते विम्यासाठी. एकच नाव सहीसाठी, विम्यासाठी, मायेपोटी किंवा नुसते कारकुनाच्या सांगण्यावरून येऊ शकते. म्हणून नाव हा हेतूचा फार दुबळा पुरावा आहे.

आता एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब मांडू. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी जुळे सोलापुरात राहत होते. पत्नी आधीच वारलेली. थोरला मुलगा पुण्यात, सणाला संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येणारा. मुलगी अक्कलकोटला. धाकटा मुलगा आणि सून गुरुजींजवळ. गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या आणि धाकट्याच्या संयुक्त नावावर अठरा लाखांच्या ठेवी आणि बचत खात्यात तीन लाख होते. मृत्युपत्र नव्हते. मृत्यूचा दाखला दिल्यावर बँकेने नियमाप्रमाणे खाते धाकट्याच्या नावावर केले आणि मुदत संपेल तशा ठेवीही त्याला दिल्या. बँक इथे कुठेच चुकली नाही.

मग वर्षश्राद्धाच्या दिवशी थोरल्याने विषय काढला. हिशेब असा मांडायचा. पहिली पायरी म्हणजे प्रत्येक ठेवीतला पैसा आला कुठून ते बघणे. ठेवींपैकी तीन लाखांची एक ठेव धाकट्याच्या पगाराच्या खात्यातून आलेल्या पैशाने केली होती आणि बँकेच्या उताऱ्यात ते दिसत होते. ती त्याचीच. उरले गुरुजींचे अठरा लाख: ठेवींतले पंधरा आणि बचत खात्यातले तीन.

दुसरी पायरी मरणाआधीच्या महिन्यांची. दरमहा दहा-पंधरा हजार एटीएममधून निघत होते, आणि औषधे, दूध, किराणा, रात्रीची बाई यांवर जात होते. त्याची पावतीन् पावती मागणे शहाणपणाचे नाही, आणि वडील शुद्धीवर असताना त्यांच्या संमतीने झालेला खर्च कोणी उकरून काढू नये. पण गुरुजी अतिदक्षता विभागात असताना, शेवटच्या वीस दिवसांत, तीन लाख धाकट्याच्या स्वतःच्या खात्यात वळवले गेले होते. वडील त्या वेळी ना सही करू शकत होते ना बोलू शकत होते. हे तीन लाख परत बेरजेत येतात. आता झाले एकवीस लाख.

तिसरी पायरी वजाबाकीची. दवाखान्याचे शेवटचे बिल दीड लाख आणि अंत्यविधी-तेराव्याचे तीस हजार धाकट्याने आपल्या खिशातून भरले होते. ते त्याला आधी परत मिळायला हवेत. राहिले एकोणीस लाख वीस हजार. गुरुजी हिंदू होते आणि मृत्युपत्राविना वारले. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वर्ग एकचे वारस म्हणजे दोन मुलगे आणि मुलगी, तिघे समान. प्रत्येकी सहा लाख चाळीस हजार. पत्नी हयात असती, तर चार वाटे पडून प्रत्येकी चार लाख ऐंशी हजार झाले असते. मुस्लिम घर असते, तर अंत्यविधी आणि कर्ज वजा जाऊन मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा मिळाला असता. पण संयुक्त नावाने मालकी बदलत नाही, ही सुरुवात तिथेही तशीच राहिली असती. गुरुजींच्या या हिशेबात बहिणीचा वाटा भावांइतकाच आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण पैशाच्या बोलणीत ती सोडून दोघेच बसलेले असतात.

इथे धाकट्याची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती हलकी नाही. तो म्हणेल, आठ वर्षे मी आणि बायकोने बाबांचे केले. रात्री दोनला उठून मी त्यांना बाथरूमला नेले, दादा फक्त फोनवर विचारायचा. ताई दिवाळीला यायची. आता हिशेबाला मात्र तिघे सारखे? मी हा युक्तिवाद नाकारत नाही. माणूस म्हणून त्यात न्याय आहे, आणि कित्येक वडिलांची इच्छाही तीच असते. पण मग प्रश्न असा, की ती इच्छा वडिलांनी कुठे आणि कशी सांगितली? फॉर्मवरची टिक ती इच्छा सांगत नाही. सेवेचा मोबदला म्हणून वडिलांना जास्त द्यायचे असेल, तर त्यांच्या हातात मृत्युपत्राची वाट होती. ती न वापरता सोयीच्या खात्याला मागाहून देणगी म्हणणे, म्हणजे वडिलांच्या मनातले आपण आपल्याला हवे तसे भरून घेणे होय. पुण्यातला थोरला तेच करतो, फक्त उलट्या दिशेने.

कायद्याचे गृहीतक खोडता येते, हेही विसरू नये. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पेकोर खटल्यात हाच प्रश्न हाताळला. वडिलांनी बहुतेक ठेवी एका मुलीच्या संयुक्त नावावर केल्या होत्या. न्यायालयाने आधी सांगितले, की सज्ञान अपत्याच्या नावावर पैसे आले, तर तो वडिलांचाच पैसा धरायचा आणि देणगी सिद्ध करण्याचा भार अपत्यावर राहील. पण त्याच निकालात पुढे पुरावा पाहून ती देणगीच होती, असे ठरले. मुलगीच वडिलांची सर्वांत जवळची होती आणि तिच्या घराच्या अडचणी त्यांना ठाऊक होत्या. वडिलांनी वित्तसंस्थांना या देणग्या नाहीत असे लिहून दिले होते, पण ते करासाठी होते असे न्यायालयाने मानले. म्हणजे एका कागदावर लिहिलेलेही अंतिम नसते, सगळी परिस्थिती बघावी लागते. आपल्याकडे अशी परिस्थिती ओळखायला ठरावीक जागा असतात: ठेवीचे व्याज कोणाच्या आयकर विवरणपत्रात दाखवले जात होते, पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाकडे होते, वडील धडधाकट असताना दुसऱ्याने कधी स्वतःसाठी पैसे काढले होते का, आणि नाव जोडले ते आजारपणाच्या आधी की नंतर. या चारही प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेला गेली, तर निकाल बहुधा तिकडेच जातो.

कायदा योग्य आहे असे मी म्हटले, पण त्याची किंमत कोण मोजते, हेही बघितले पाहिजे. पैसे धाकट्याच्या हातात आधीच आले आहेत. मागायचे बहिणीने. बँकेकडे अर्ज केला, तर बँक म्हणते, कोर्टाचा हुकूम आणा. म्हणजे दिवाणी न्यायालयात दावा, वकील, कित्येक तारखा, आणि तोवर ठेवी मोडून झालेल्या. शिवाय भावावर दावा लावला, की माहेर तुटते. जमिनीच्या बाबतीत निदान सातबाऱ्यावर वारसनोंद होते आणि बहिणीचा हक्क काढायला तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्यावे लागते. बँकेतल्या पैशाला तेवढाही अडसर नाही. तिथे तिचा हक्क तिच्या सहीशिवाय निघून जातो. म्हणून कायदा बहिणीच्या बाजूने असूनही व्यवहार तिच्या विरुद्ध चालतो.

हे टाळायचे असेल, तर खाते उघडतानाच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. हात चालत नाही म्हणून मदत हवी असेल, तर मदतीचीच व्यवस्था करावी. त्यासाठी बँकेत अधिकारपत्र देता येते. मुलगा वडिलांच्या वतीने व्यवहार करतो, खाते वडिलांच्याच नावावर राहते आणि त्यांच्या मृत्यूबरोबर त्याचा अधिकार संपतो. मुखत्यारपत्राचेही तसेच. त्याला एक मर्यादा आहे: वडिलांना विस्मरणाचा आजार जडून समज उरली नाही, तर मुखत्यारपत्राचा आधार राहत नाही. म्हणून समज शाबूत असतानाच पुढची तजवीज करावी. अंथरुणाला खिळलेल्या खातेदारासाठीही रिझर्व्ह बँकेने सोय सांगितली आहे: अंगठा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीपुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे नोव्हेंबर २०१७ चे परिपत्रक सांगते. दुसरे नाव हवेच असेल, तर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' निवडावे. त्यात वडील हयात असेपर्यंत दुसऱ्याचा हात खात्याला लागत नाही. पण मृत्यूनंतरच्या मालकीचा प्रश्न तिथेही तसाच उरतो, हे ध्यानात ठेवावे.

आणि पैसे कोणाला द्यायचे असतील, तर ते मृत्युपत्रात लिहावे. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे साक्षीदार घेऊन. नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगले. सोलापुरातल्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्तीही नाही. त्यात एक वाक्य आवर्जून घालावे: "अमुक बँकेतल्या खात्यावर अमुक मुलाचे नाव केवळ व्यवहाराच्या सोयीसाठी आहे, त्यातील रक्कम माझ्या मालकीची असून ती माझ्यानंतर अशी विभागावी." किंवा उलट: "ही रक्कम त्याने केलेल्या सेवेसाठी मी त्यालाच देत आहे." दोन्ही वाक्ये तितकीच चांगली आहेत. वाईट आहे ते काहीच न लिहिणे.

एक मागणी बँकांकडेही करायची आहे. न्यूयॉर्कच्या बँकिंग कायद्यात दोन प्रकारची खाती शेजारी शेजारी आहेत. कलम ६७५ च्या संयुक्त खात्यात मागे राहिलेला मालक होतो, असे गृहीत धरले जाते. कलम ६७८ च्या 'सोयीच्या खात्यात' तसे गृहीत धरले जात नाही. दुसरी व्यक्ती फक्त व्यवहार करते, पैसा पहिल्याचाच राहतो. खातेदाराला निवड करायला लावली, की वाद बराच कमी होतो. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात, आणि नव्या निर्देशांप्रमाणे मृताच्या खात्याचा दावा कागदपत्रे पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांत निकाली काढायचा आहे. हे सगळे पैसे देण्याची प्रक्रिया सोपी करणारे आहे आणि ते स्वागतार्ह आहे. पण पैसे लवकर देण्याबरोबर मालकीचा हेतू विचारणारी एक ओळ फॉर्मवर यायला काय हरकत आहे? दुसरे नाव सोयीसाठी आहे की देण्यासाठी? एवढा प्रश्न आणि त्यापुढे दोन चौकटी. ती टिक मृत्युपत्राची जागा घेणार नाही, पण कोर्टात हेतूचा लेखी पुरावा म्हणून ती नुसत्या नावापेक्षा कितीतरी बोलकी ठरेल.

तोपर्यंत हे काम घरालाच करावे लागेल. ज्यांचे नाव आई-वडिलांच्या खात्यावर दुसरे म्हणून आहे, त्यांनी भावंडांच्या समोर, आई-वडील ऐकत असताना, या पैशांचे पुढे काय करायचे हे विचारून घ्यावे आणि त्यांच्या सहीने लिहून घ्यावे. आणि ज्यांचे नाव त्या पासबुकावर नाही, त्यांनीही हा प्रश्न वर्षश्राद्धापर्यंत लांबवू नये. आई-वडील सही करू शकतात, तोवरच याचे उत्तर मिळते. नंतर उरतो तो फक्त वारसाकायदा, आणि त्याने सांगितलेला वाटा ज्यांच्या हातात पैसे आहेत त्यांनी आपणहून दिला, तरच कोर्टाची पायरी चुकते.